पडद्यावर केशरी का विझतो

कराडच्या एका मंगल कार्यालयात पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचा विक्रेता मेळावा होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. हॉलच्या उंच खिडक्यांपैकी निम्म्यांना पडदेच नव्हते. प्रोजेक्टर कार्यालयाचा, छताला टांगलेला, बऱ्याच लग्नांचे फोटो दाखवून झालेला. पहिलीच स्लाइड आली आणि पुढच्या रांगेतले लोकसुद्धा डोळे बारीक करून पाहू लागले. आकाशी पट्टीवर केशरी अक्षरांत नव्या पंपाचं नाव होतं, पण पट्टी दिसत होती आणि नाव दिसत नव्हतं. पुढच्या स्लाइडवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक केशरी अक्षरांत दरपत्रक होतं. त्यातल्या 'पंप' या शब्दावरचा अनुस्वार पडद्यावर पोहोचलाच नाही. मागून कुणीतरी मोठ्याने वाचलं, "सोलर पप."

त्या स्लाइड मी केल्या होत्या. केशरी आणि आकाशी हे कंपनीच्या लोगोतले रंग. ते तसेच्या तसे उचलून मी सगळीकडे वापरले होते आणि माझ्या लॅपटॉपवर ते सुरेख दिसत होते. मेळावा संपल्यावर मालकांची मुलगी, जी आता विक्रीचं काम बघते, मला म्हणाली, "दादा, रंग आपलेच ठेवा, पण शेवटच्या रांगेला दिसले पाहिजेत." पुढचे पंधरा दिवस मी त्या एका वाक्यावर घालवले. त्यातून जे हाती आलं ते इथे सांगतो, कारण लोगोचे रंग स्लाइडवर आणताना बहुतेक ठिकाणी हीच चूक होते.

सुरुवात पडद्यापासून करायला हवी. टीव्हीच्या काचेवर काळा रंग दिसतो तो तिथून प्रकाश येत नाही म्हणून. प्रोजेक्टरचा पडदा मात्र पांढरा असतो आणि प्रोजेक्टरला त्यावर काळं काही टाकता येत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो, किंवा टाकत नाही. स्लाइडवर जिथे काळं अक्षर आहे तिथे प्रोजेक्टर गप्प बसतो आणि आपल्याला दिसतो तो खिडकीतून, ट्यूबलाइटमधून पडद्यावर पडलेला खोलीचा उजेड. म्हणजे त्या हॉलमधला सगळ्यात गडद रंग प्रोजेक्टर ठरवत नव्हता, खिडकी ठरवत होती.

हे आकड्यांत मांडता येतं. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ३,००० ल्यूमेन लिहिलेलं होतं. पडदा आठ फूट बाय सहा फुटांचा, म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर. नवा प्रोजेक्टर पूर्ण पांढरी स्लाइड दाखवेल तेव्हा या पडद्यावर सुमारे ६७० लक्स उजेड पडायला हवा. पण दिव्याचं जे आयुष्य कंपनी तासांत सांगते, ते संपेपर्यंत दिव्याचा उजेड साधारण निम्म्यावर येतो असं धरलेलं असतं. दिवा बहुधा त्याआधी फुटत नाही, नुसता मंदावत जातो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी त्या हॉलमध्ये परत गेलो. फोनवर लक्स मोजणारं अॅप घेतलं, शिडी लावली, फोन पडद्याला टेकवून त्याचा दर्शनी भाग प्रोजेक्टरकडे केला आणि दोनदा मोजलं. आधी पूर्ण काळी स्लाइड लावून: १००. मग पूर्ण पांढरी स्लाइड लावून: ४३०. फोनचे हे आकडे प्रयोगशाळेइतके अचूक नसतात, पण इथे आपल्याला फक्त त्या दोन आकड्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण हवं असतं आणि तेवढ्यासाठी ते पुरतात. प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड ३३० लक्स, खोलीचा १००. खोक्यावरच्या ल्यूमेनच्या हिशेबाने जेवढा यायला हवा त्याच्या जवळजवळ निम्मा.

आता ४३० ला १०० ने भागा. ४.३. त्या हॉलमध्ये शुभ्र पांढऱ्यावर ठार काळं अक्षर लिहिलं तरी दोघांतला फरक सव्वाचार पटीहून फारसा जास्त होणार नाही. खोक्यावर छापलेलं वीस हजारास एक वगैरे कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर पूर्ण अंधाऱ्या खोलीतलं असतं. मंगल कार्यालयात त्याचा काही उपयोग नाही.

या ४.३ चा अर्थ कळण्यासाठी एक मापदंड लागतो. वेबसाइटवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून W3C या संस्थेने २००८ साली जे नियम केले, त्यात साध्या आकाराच्या अक्षरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरासाठी किमान ३ एवढं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर सांगितलं आहे. म्हणजे आमच्या हॉलमध्ये काळ्यावर-पांढरंसुद्धा बारीक अक्षराच्या परीक्षेत नापास होत होतं. जे काही वाचता यावं असं वाटतं ते मोठं आणि ठळकच असायला हवं, आणि त्यालाही ३ चा आकडा गाठायला हवा.

हे गुणोत्तर काढायचं सूत्र असं आहे:

```
L = 0.2126 R + 0.7152 G + 0.0722 B
C = (L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

`L` म्हणजे रंगाचा उजळपणा. काळ्याचा शून्य, पांढऱ्याचा एक. रंगातला लाल, हिरवा आणि निळा अंश आपल्या डोळ्याला सारखे उजळ भासत नाहीत. हिरवा सगळ्यात जास्त, निळा अगदी कमी. सूत्रातले आकडे तेच सांगतात. (`R`, `G`, `B` इथे ० ते २५५ मधले थेट आकडे नव्हेत; त्यांचं आधी प्रत्यक्ष प्रकाशात रूपांतर करावं लागतं. ते काम इंटरनेटवरची कॉन्ट्रास्ट तपासणारी साधनं आपोआप करतात आणि `L` सुद्धा त्यातली काही दाखवतात.)

माझी नजर अडली ती त्या `0.05` वर. तो आकडा खोलीतला उजेड स्क्रीनवरून परावर्तित होतो त्याचा आहे. कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्याच्या स्क्रीनवर पाच टक्के फुकटचा उजेड पडतो असं सूत्र करणाऱ्यांनी धरलं आहे. आमच्या हॉलमध्ये तो किती होता? प्रोजेक्टरच्या ३३० मागे १००, म्हणजे ०.३. सहापट. एवढा एक आकडा बदलला की तेच सूत्र मंगल कार्यालयासाठी चालतं:

```
C = (L1 + 0.3) / (L2 + 0.3)
```

आता लोगोकडे येतो. आधी मला लोगोचे खरे रंग मिळवायचे होते आणि त्यातही एक अडचण निघाली. माझ्याकडची लोगोची फाइल व्हॉट्सअॅपवरून आलेली JPG होती. अशा फाइलमध्ये रंगाच्या कडेला शेजारच्या रंगाची घाण मिसळलेली असते. PowerPoint मधल्या `Eyedropper` ने कडेजवळ टिपलं तर दर वेळी वेगळा केशरी येत होता. लोगो खूप मोठा करून पट्ट्याच्या मधोमध टिपलं तेव्हा कुठे दोन-तीनदा सारखा रंग मिळाला. पण खरा उपाय म्हणजे ज्याने लोगो केला त्याच्याकडून मूळ फाइल मागवणं. आम्ही ती मागवली आणि रंग निघाले ते हे: केशरी `#F58220`, आकाशी `#3FA9D6`.

दोघांचा उजळपणा काढला तेव्हा मेळाव्यातली पहिली स्लाइड का दिसली नाही ते एका ओळीत उलगडलं. केशरीचा `L` ०.३५५. आकाशीचा ०.३४३. हे दोन रंग आपल्याला एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, एक उन्हाचा आणि एक आभाळाचा, पण उजळपणात ते जवळजवळ जुळे आहेत. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरसुद्धा त्यांच्यातलं गुणोत्तर १.०३ आहे. तिथे ते वेगळे दिसतात ते निव्वळ रंगामुळे. पडद्यावर खिडकीचा पांढरा उजेड दोघांत मिसळला, रंग फिके पडले आणि वेगळं दिसायला उरलं काहीच नाही.

हे कागद-पेन्सिल न घेताही कळतं. स्लाइडचं चित्र करड्या रंगात करून पाहायचं. त्यात जे दोन रंग एकच करडा होतात ते मंद प्रोजेक्टरवर एकमेकांवर ठेवू नयेत. माझी पहिली स्लाइड मी तशी पाहिली तर पट्टीवर नावच नव्हतं, अगदी कराडला दिसली होती तशी.

खरी पंचाईत पुढे होती. केशरीवर आकाशी नको, हे तर कळलं. मग केशरी पांढऱ्यावर ठेवला तर? हॉलच्या सूत्रात गुणोत्तर येतं १.९९. काळं अक्षर केशरीवर ठेवलं तर २.१८. आकाशीचीही तीच गत. कॉम्प्युटरवर केशरी पट्टीवर काळं अक्षर आठ पट उठून दिसतं, म्हणून अशा पट्ट्या आपण बिनधास्त करतो. हॉलमध्ये तेच दोनवर येतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हॉलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं सगळं अंतर ४.३ पट. या शिडीच्या बरोबर मधल्या पायरीवर उभा असलेला रंग वरच्या टोकापासून साधारण दोन पट लांब असतो आणि खालच्या टोकापासूनही दोन पटच. त्या मधल्या पायरीचा उजळपणा हिशेबाने ०.३२ च्या आसपास येतो. आमचे दोन्ही रंग तिथेच उभे. लोगोचे रंग बहुधा असेच मधले असतात, कारण ते पांढऱ्या कागदावरही चालावेत आणि गडद गाडीवरही चालावेत म्हणून निवडलेले असतात. उजेडातल्या पडद्यावर मात्र मधल्या रंगाला दोन्हीकडून थारा नाही. तिथे दोनच वस्त्या आहेत, एक गडद आणि एक फिकट, आणि अक्षर एका वस्तीतलं व पार्श्वभूमी दुसऱ्या वस्तीतली असली तरच वाचता येतं.

म्हणून काम असं ठरलं: लोगोतल्या रंगांची छटा तीच ठेवायची आणि त्यांना मधून उचलून एक तर खाली गडदाकडे न्यायचं किंवा वर फिकटाकडे. हे PowerPoint मध्येच करता येतं. रंगाच्या यादीत `More Colors`, मग `Custom`, आणि तिथे `Color model` मध्ये `HSL` निवडायचं. `Hue` म्हणजे छटा, तिला हात लावायचा नाही. `Lum` कमी केलं की रंग गडद होतो, वाढवलं की फिकट. एक सावधगिरी घ्यावी लागते: हे `Lum` म्हणजे वरच्या सूत्रातला उजळपणा नव्हे. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचं `Lum` सारखंच येतं, पण डोळ्याला पिवळा कितीतरी उजळ दिसतो. त्यामुळे `Lum` हे फिरवायचं बटण आहे, मोजपट्टी नाही. प्रत्येक वेळी मिळालेला रंग सूत्रात घालून पाहावाच लागतो.

आकाशी शहाण्यासारखा वागला. त्याचं `Lum` १३९ वरून ४७ पर्यंत खाली आणलं, गडद होताना तो मळकट दिसू लागला म्हणून `Sat` थोडं वाढवलं, आणि मिळाला `#0B3C53`, रात्री पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखा गडद निळा. उजळपणा ०.०४. पांढऱ्यावर तो हॉलच्या सूत्रात ३.८३ देतो, काळ्याला जे ४.३ मिळतात त्याच्या अगदी जवळ. लोगोशेजारी ठेवला की तो त्याच घरातला वाटतो. सगळा मजकूर याच रंगात करायचा, हे तिथेच ठरलं.

केशरीने मात्र त्रास दिला. तीच छटा ठेवून `Lum` १३९ वरून ८० वर आणलं तेव्हा `#9A4A06` मिळाला. पांढऱ्यावर ३.११, म्हणजे पास. पण तो केशरी राहिला नव्हता. गडद केशरी म्हणजे आपण ज्याला तपकिरी म्हणतो तोच रंग. दोघांची छटा एकच, फक्त उजळपणात फरक. गडद निळ्याला आपण निळाच म्हणतो, गडद केशरीला मात्र भाषेने वेगळं नाव दिलं आहे आणि डोळाही त्याला वेगळा रंग मानतो. मालकांना दाखवला तर ते म्हणाले, "अहो, हा आपला केशरी नव्हे. हा तर कात झाला." त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि इथे सूत्र काही मदत करत नाही. पिवळा किंवा केशरी लोगो असलेल्या प्रत्येक कंपनीला हा प्रश्न येतो.

आम्ही काढलेला मार्ग असा. कातरंगी केशरी एका स्लाइडवर एकाच ठिकाणी वापरायचा, जिथे एखादा आकडा किंवा शब्द वेगळा उठून दिसायला हवा तिथे, आणि तोही मोठ्या ठळक अक्षरांत. आजूबाजूला गडद निळा असला की तो तपकिरीपेक्षा तांबूसच वाटतो. लोगोतला मूळ केशरी अक्षरांच्या कामातून पूर्ण काढून घ्यायचा. त्याला स्लाइडच्या डाव्या कडेला चांगली दोन बोटं रुंद उभी पट्टी दिली. त्या पट्टीवर काही लिहायचं नाही, तिच्यावर काही अवलंबून ठेवायचं नाही. ती कितीही फिकी पडली तरी केशरी आहे एवढं शेवटच्या रांगेला कळतं आणि कंपनीची ओळख राहते. मालकांना हे पटलं.

उलट दिशेने केशरी फिकट केला तर `#FFE2C8` मिळतो, पिकल्या पपईच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. त्यावर गडद निळं अक्षर हॉलमध्ये ३.२४ देतं, म्हणजे चौकटीला पार्श्वभूमी म्हणून चालतो. पण याची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पांढऱ्यात आणि या रंगात हॉलमध्ये फक्त १.१८ चा फरक उरतो. चौकट कुठे सुरू झाली ते पडद्यावर दिसेलच असं नाही. म्हणून चौकट असायलाच हवी असेल तर तिला गडद निळी जाड रेघ द्यावी.

मेळाव्यात सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो आलेखांत. मागच्या वर्षीची विक्री केशरी खांबांत, यंदाची आकाशी खांबांत. पडद्यावर सगळे खांब एकाच करड्यासारखे. आधी मला वाटलं, गडद निळा आणि कातरंगी वापरू. पण दोघेही गडद वस्तीतले. एकमेकांशी त्यांचं गुणोत्तर १.२३. पांढऱ्यापासून दोघेही वेगळे, एकमेकांपासून नाहीत. सव्वाचार पटीच्या जागेत तीन-तीन पटीच्या दोन उड्या बसत नाहीत, हा साधा हिशेब आहे. त्यासाठी किमान नऊ पट जागा लागते. म्हणजे अशा खोलीत निव्वळ रंगाने दोनहून जास्त गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. म्हणून यंदाचा खांब गडद निळा भरीव, मागच्या वर्षीचा खांब फिकट आणि त्याला गडद निळी जाड किनार. तिसरा लागलाच तर `Pattern fill` मधल्या जाड तिरक्या रेघा. आणि खाली रंगांची सूची देण्याऐवजी वर्ष थेट खांबावर लिहिलं. सूचीतला इवलासा चौकोन पाहून त्याचा रंग खांबाशी जुळवणं हे उजेडातल्या हॉलमध्ये कुणालाच जमत नाही.

हे सगळं पुन्हा बिघडू नये म्हणून रंग फाइलच्या थीममध्ये बसवले. `Design` मध्ये `Variants`, तिथे `Colors`, मग `Customize Colors`. तिथे बारा जागा असतात. `Text/Background - Dark 1` मध्ये गडद निळा, `Light 1` मध्ये पांढरा, `Light 2` मध्ये पपई. नवा आलेख काढला की PowerPoint आधी `Accent 1` उचलतं, मग `Accent 2`. माझ्या जुन्या फाइलमध्ये तिथे लोगोचे मूळ रंग होते, म्हणून कारखान्यात कुणीही नवा आलेख काढला की तो आपोआप केशरी-आकाशी होत होता. आता `Accent 1` गडद निळा आणि `Accent 2` कातरंगी. लोगोचे मूळ रंग `Accent 5` आणि `Accent 6` मध्ये शेवटी टाकले. `Hyperlink` ची जागाही गडद निळ्याने भरली, नाहीतर तिथे थीमचा स्वतःचा मधलाच निळा येऊन बसतो.

अनुस्वाराचं काय? रंग गडद झाले तरी बारीक रेघ वाचत नाही, कारण प्रोजेक्टरचं भिंग आणि पडदा दोघंही कडा थोड्या पुसट करतात. जुना प्रोजेक्टर आडवे १,०२४ ठिपके दाखवतो आणि लॅपटॉप त्याला १,९२० ठिपक्यांचं चित्र देतो. मग लॅपटॉपवरची एका ठिपक्याची रेघ पडद्यावर अर्ध्या ठिपक्याची होते आणि तिचा रंग शेजारच्या पांढऱ्यात सांडतो. सूत्रात ३.८३ आलेलं अक्षर प्रत्यक्षात दोनवर येऊ शकतं. देवनागरीत हा फटका आधी बसतो तो अनुस्वाराला, रफाराला, उकाराला. इंग्रजी अक्षराचं टोक गेलं तरी अक्षर राहतं. आपलं टिंब गेलं की शब्दच बदलतो. म्हणून मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा फाँट घेतला, कारण त्यात जाडीचे बरेच टप्पे आहेत. त्यातला `SemiBold` मजकुराला आणि `Bold` मथळ्याला. कुठलंच अक्षर २८ पॉइंटच्या खाली नाही. दरपत्रक त्यामुळे एका स्लाइडचं तीन स्लाइडचं झालं.

हॉलमध्ये जाऊन दर वेळी शिडी लावणं शक्य नसतं. घरी तपासायची एक युक्ती मी तेव्हापासून वापरतो. स्लाइडवर पूर्ण आकाराचा पांढरा चौकोन ठेवायचा आणि त्याचं `Transparency` ५० टक्के करायचं. सगळी स्लाइड धुक्यात गेल्यासारखी दिसते. मग चार पावलं मागे जाऊन वाचायचं. हे धुकं हॉलच्या उजेडाची हुबेहूब नक्कल नाही. मधल्या रंगांना ते प्रत्यक्षापेक्षा जास्तच धुऊन काढतं. पण आपल्याला तपासणी कडकच हवी असते. या धुक्यात जे वाचता आलं ते आमच्या हॉलमध्ये वाचता आलं. तपासून झालं की तो चौकोन आठवणीने काढून टाकावा लागतो.

एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. काही प्रोजेक्टरमध्ये प्रकाश एका फिरत्या रंगीत चकतीतून येतो आणि चकतीत लाल, हिरव्या, निळ्याबरोबर एक पारदर्शक फाळ असते, पांढरा जास्त उजळ दिसावा म्हणून. त्या फाळेचा फायदा फक्त पांढऱ्याला आणि करड्याला मिळतो. भडक रंग तेवढेच राहतात आणि शेजारी पांढरा चढल्यामुळे मरगळलेले दिसतात. अशा यंत्रावर पिवळा मोहरीच्या खळीसारखा होतो आणि केशरी विटकरीकडे झुकतो. सूत्र सांगतं त्यापेक्षा तो गडद पडतो. म्हणजे केशरी पट्टीवरचं काळं अक्षर आणखी बुडतं. यंत्राच्या मेनूत चित्राचे प्रकार असतात. त्यातला सर्वांत उजळ प्रकार सोडून सिनेमासाठीचा किंवा sRGB नावाचा निवडला की रंग सुधारतात, पण एकूण उजेड कमी होतो. उजेडातल्या हॉलमध्ये मी तो सौदा करत नाही. केशरीवर काही लिहिलेलंच नाही, मग तो थोडा विटकरी झाला तरी चालतं.

आणि रंगांपेक्षा स्वस्त असा एक उपाय आहे, तो मला उशिरा सुचला. चित्र लहान करणं. आठ फुटांऐवजी सहा फूट रुंदीचं चित्र पाडलं की तोच उजेड निम्म्याहून थोड्या जास्त जागेत गोळा होतो. आमच्या हॉलमध्ये त्यामुळे कमाल गुणोत्तर ४.३ वरून ६.९ वर जातं आणि गडद निळा ५.६ वर. अक्षरं लहान होतात हे खरं, पण ती आधीच मोठी केलेली होती. केशरी मात्र तेव्हाही पांढऱ्यावर २.२ च्या पुढे गेला नाही.

पुढचा मेळावा त्याच कार्यालयात, त्याच वेळी झाला. चित्र सहा फुटांचं पाडलं. दरपत्रक मागच्या रांगेतून वाचलं गेलं आणि विक्रेत्यांनी दरांवरच वाद घातला, जो घालायलाच ते आले होते.

त्यानंतर वर्षभराने पुन्हा गेलो तेव्हा सवयीने फोन पडद्याला टेकवला. आठ फुटांच्या चित्रावर काळी स्लाइड १००, पांढरी ३४०. वर्षात दिवा आणखी मंदावला होता. सूत्रातला ०.३ आता ०.४२ झाला. गडद निळा ३.१ वर आला, म्हणजे काठावर का होईना पास, कातरंगी २.६५, नापास. मालकांची मुलगी शेजारीच उभी होती. तिने आकडे पाहिले, सगळ्या स्लाइडवरचे कातरंगी आकडे तिथल्या तिथे गडद निळे केले, आणि कार्यालयाच्या मॅनेजरना जाऊन विचारलं, "काका, खिडक्यांना पडदे लावायला किती कापड लागेल?"